३६ लाखाचा रिसेल फ्लॅट, एजंट म्हणतो सरकारी किंमत ४१ लाख ७४ हजार. स्टॅम्प ड्युटी नक्की कशावर?

प्रश्न: सर, सांगलीत शामरावनगर भागात ९ वर्षं जुना फ्लॅट ३६ लाखाला ठरलाय, कार्पेट ७२० स्क्वेअर फूट, दुसरा मजला, लिफ्ट आहे. पहिलंच घर आहे आमचं. एजंटने कागदावर ५२,००० दर धरून सरकारी किंमत ४१,७४,००० काढली आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन मिळून २ लाख ८० हजार तयार ठेवा म्हणाला. आम्ही ३६ लाख देतोय तर ४१ लाखावर टॅक्स का? करारात ३० लाखच दाखवू, बाकी कॅश द्या, असंही सुचवलंय त्याने. लोन २७ लाखाचं आहे. विसार पावती नोटरी करून झालीय, एजंटच्या कागदाचा फोटो पाठवलाय. काय करू?

उत्तर:

आधी सरळ सांगतो, ३६ लाखावर ड्युटी लागणार नाही हे एजंटचं बरोबर आहे, पण ४१ लाख ७४ हजारावर पण लागायला नको. त्याने घसारा, म्हणजे इमारत जुनी झाल्याची वजावट, धरलेला नाहीये. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा हिशोब ३८ लाख ९३ हजारावर येतो. आता तुम्हाला वाटेल की फरक पडून पडून किती पडणार, पंधरा सोळा हजार ना, पण तसं नाही, या घसाऱ्यावर तुमचा इन्कम टॅक्सचा एक मोठा फटका अवलंबून आहे, तो खाली सांगतो.

स्टॅम्प ड्युटी दोन आकड्यांपैकी जो मोठा त्याच्यावर लागते. एक म्हणजे तुमचा ठरलेला मोबदला, तो ३६ लाख. दुसरं म्हणजे शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे निघणारं बाजारमूल्य, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. तुम्ही ४५ लाखाला घेतला असता तर ४५ वर लागली असती, रेकनर कितीही कमी असू दे. आणि तुमच्यासारखं रेकनर जास्त निघालं तर रेकनरवर. "आम्ही खरंच एवढेच दिलेत हो" हे खिडकीवर सांगून उपयोग नसतो, कारण दुय्यम निबंधकाला तुमचा सौदा खरा का खोटा ते ठरवायचा अधिकारच नाही, तो तक्ता बघतो आणि पुढं जातो.

शामरावनगरसारख्या भागात हे जास्त दिसतं त्याला कारण आहे. २०१९ ला कृष्णेचं पाणी आलं, २०२१ ला परत आलं, त्यानंतर गिऱ्हाईक पहिला प्रश्न पाणी कितीपर्यंत आलेलं हाच विचारतं आणि त्यावर भाव पाडून मागतं. तक्ता मात्र विभागाप्रमाणे असतो, त्याला तुमच्या गल्लीत पाणी कंबरेपर्यंत होतं का पायरीपर्यंत याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून सौदा खाली आणि रेकनर वर अशी परिस्थिती होते.

आता तो दर स्वतः बघा, एजंटच्या कागदावर विश्वास ठेवू नका. igrmaharashtra.gov.in वर जाऊन eASR, म्हणजे हाच दर तक्ता, उघडा, फुकट आहे. जिल्हा सांगली निवडला की तालुका विचारेल, तिथं मिरज निवडायचं, बऱ्याच लोकांची इथंच गडबड होते, सांगली नावाचा तालुका शोधत बसतात, सांगली शहर मिरज तालुक्यात येतं. मग गाव, आणि मग सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून तुमचा विभाग शोधायचा. हा नंबर मालकाच्या जुन्या खरेदीखतात नाहीतर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश असतो, त्यावर मिळेल. विभाग चुकला की सगळा हिशोब चुकला, कारण रस्त्याच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा असं सर्रास असतं.

त्या ओळीत खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकानं, औद्योगिक असे वेगवेगळे दर दिसतील, सगळे चौरस मीटरला. तुम्हाला दोन पाहिजेत, निवासी सदनिकेचा आणि खुल्या जमिनीचा. जमिनीचा कशाला ते लगेच कळेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सदनिकेचा ५२,००० आणि जमिनीचा १७,००० लिहिलाय, मी तेच धरून पुढं जातो, पण तुमच्या विभागाला तेच आहेत का ते तुम्हीच तपासा. वर्षसुद्धा बघून घ्या, तक्ता १ एप्रिल ते ३१ मार्च असा चालतो.

पहिलं क्षेत्रफळ. ७२० स्क्वेअर फूट कार्पेटला १०.७६४ ने भागलं की ६६.८९ चौरस मीटर होतात. पण रेकनरचा दर बांधीव क्षेत्रावर लावतात, कार्पेटवर नाही. जुन्या पद्धतीच्या कार्पेटला १.२ ने गुणून बांधीव काढतात, रेरा, म्हणजे बिल्डरांसाठीच्या नव्या कायद्याप्रमाणे मोजलेलं कार्पेट असेल तर १.१ ने. तुमची बिल्डिंग रेराच्या आधीची आहे, दस्तात जुनंच कार्पेट आहे, म्हणजे १.२ ने गुणून ८०.२७ चौरस मीटर. हे एजंटने बरोबर केलंय. ८०.२७ गुणिले ५२,००० म्हणजे ४१,७४,०४०, इथंच तो थांबला आणि तोच आकडा तुम्हाला सांगितला.

यात एक गोष्ट नीट बघा, जुन्या दस्तात क्षेत्र काय शब्दात लिहिलंय. "बिल्टअप" लिहिलं असेल तर परत १.२ ने गुणायचं नाही, ते आधीच बांधीव आहे. मी बघितलंय की बिल्टअपचा आकडा कार्पेट म्हणून डेटा एन्ट्रीत टाकला जातो आणि माणूस वीस टक्के जास्त क्षेत्रावर ड्युटी भरून मोकळा होतो, त्याला पत्ता पण नसतो. सुपर बिल्टअप हा शब्द तर फक्त बिल्डरच्या पत्रकातला, मूल्यांकनात त्याला काही स्थान नाही.

आता घसारा. तक्त्यातला सदनिकेचा दर नवीन बांधकामाचा असतो. तुमची बिल्डिंग ९ वर्षांची, म्हणून रिसेलला वयाप्रमाणे दर कमी करून मिळतो. पण तो सगळ्या दरावर कमी होत नाही, कारण बांधकाम जुनं होतं, जमीन जुनी होत नाही. म्हणून सदनिकेच्या दरातून जमिनीचा दर वजा करायचा, जे उरतं ते बांधकाम, त्याच्यावर घसारा लावायचा आणि जमिनीचा दर परत त्यात मिळवायचा. यासाठी तो दुसरा दर हवा होता. घसाऱ्याची टक्केवारी इमारतीचं वय आणि बांधकामाचा प्रकार यावर ठरते, ती तक्त्यासोबतच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असते. तुमच्या आरसीसी बिल्डिंगला मी इथं १० टक्के धरतो, ऑफिसच्या पत्रकात थोडा इकडंतिकडं आकडा निघाला तर त्याप्रमाणे बदलून घ्या, पद्धत हीच.

तर ५२,००० वजा १७,००० म्हणजे ३५,०००. त्याचे ९० टक्के ३१,५००. त्यात १७,००० परत मिळवले की ४८,५००. हा तुमचा खरा दर. याला ८०.२७ ने गुणलं की ३८,९३,०९५ रुपये. झालं तुमचं बाजारमूल्य. मजल्याचा परिणाम तुम्हाला नाही, लिफ्ट आहे आणि दुसराच मजला आहे. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्याला दर कमी धरतात आणि उंच टॉवरमध्ये वरच्या मजल्यांना वाढवतात, तुम्हाला दोन्हीतलं काही लागू नाही. पार्किंग करारात वेगळं लिहिलं असेल तर त्याचं मूल्य वेगळं धरलं जातं, तो थोडा आकडा वर येऊ शकतो, त्यामुळं मालकाच्या दस्तात पार्किंगचं काय लिहिलंय ते बघून घ्या.

घसारा आपोआप मिळतो असं समजू नका हां. डेटा एन्ट्री करताना मिळकतीचं वय निवडावं लागतं आणि ते सिद्ध करायला कागद लागतो. भोगवटा प्रमाणपत्र किंवा पूर्णत्वाचा दाखला असेल तर उत्तम, तो नसेल तर महापालिकेचा घरपट्टीचा जुना उतारा, ज्यात आकारणीचं वर्ष दिसतं. मूल्यांकन पत्रक म्हणून एक पान निघतं, दस्तासोबत जोडलं जातं, ते छापून हातात मागा आणि सही करण्याआधी वाचा. त्यात "मिळकतीचे वय" समोर ० ते २ वर्षे असं दिसलं की समजायचं कुणीतरी घाईत पहिलाच पर्याय ठेवून पुढं गेलंय आणि तुम्हाला घसारा मिळालेला नाही. तुमच्या एजंटच्या आकड्यात नेमकं हेच झालंय. त्याच पानावर "उद्ववाहन सुविधा", म्हणजे लिफ्ट, आणि मजला पण लिहिलेला असतो, ते पण बघा. दस्त नोंदवून झाल्यावर हे कळलं तर पैसे परत मिळवायला अर्जफाटे करत बसावं लागतं, आधी कळलं तर दोन मिनिटांचं काम.

आता टक्के. तुमचा फ्लॅट सांगली मिरज कुपवाड महापालिकेच्या हद्दीत आहे, तिथं ५ टक्के मूळ स्टॅम्प ड्युटी आणि १ टक्का महापालिकेचा अधिभार, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कराचा, असे मिळून ६ टक्के. पुण्यात तुमचा मेव्हणा ७ टक्के भरला असं म्हणत असेल तर तो खरं बोलतोय, तिथं मेट्रोचा एक टक्का जास्त आहे, आपल्याकडं मेट्रो नाही आणि तो टक्काही नाही. उलट हरिपूर, बुधगाव, माधवनगर असं शहराला चिकटून पण महापालिकेच्या बाहेर घेतलं तर हिशोब वेगळा लागतो आणि कमी लागतो, त्यामुळं पत्त्यात सांगली लिहिलंय यावरून ठरवायचं नाही, घरपट्टी महापालिका घेते का ग्रामपंचायत यावरून ठरवायचं.

३८,९३,०९५ चे ६ टक्के म्हणजे शंभरात पूर्ण करून २,३३,६०० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००, तुमची किंमत ३० लाखाच्या वर आहे म्हणून सरळ ३०,०००. म्हणजे २,६३,६००. त्याशिवाय दस्ताच्या पानांप्रमाणे हाताळणी शुल्क, ते किरकोळ असतं. एजंटच्या २ लाख ८० हजारापेक्षा हे जवळपास साडेसोळा हजारांनी कमी.

फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. म्हणजे ६ च्या जागी ५ टक्के, साधारण १,९४,७००, अडतीस हजार नऊशे वाचतात. पण ही सवलत खरेदीदार सगळ्या महिलाच असतील तर. तुमचं आणि वहिनींचं जोडनाव टाकलं की सवलत गेली, अर्धी पण मिळत नाही. आणि फक्त राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला किंवा दुकानाला नाही. पूर्वी पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ ला काढून टाकली, म्हणून कुणी त्या अटीची भीती घालत असेल तर ते जुनं झालं.

यात माझं मत विचाराल तर नुसत्या ३८,९०० साठी लगेच निर्णय घेऊ नका. लोनचा हप्ता तुमच्या पगारातून जाणार आणि दस्तात तुमचं नाव नाही, अशा वेळी तुम्हाला जुन्या टॅक्स रिजीममध्ये व्याजाची वजावट मागता येत नाही, कारण तुम्ही मालकच नाही. वहिनी कमावत्या असतील आणि हप्ता त्यांच्या खात्यातून जाणार असेल तर प्रश्नच मिटला, त्यांच्या एकट्याच्या नावावर घ्या. नवीन रिजीममध्ये असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, मग तोटा काही नाही. फक्त बँकेला आधी विचारा, काही बँका कर्जदाराचं नाव मालकीत असलंच पाहिजे म्हणतात आणि हे शेवटच्या आठवड्यात कळलं की धावपळ होते.

आता तो इन्कम टॅक्सचा विषय, जो एजंटने तुम्हाला सांगितलाच नाही. घर रेकनरपेक्षा फार स्वस्तात घेतलं तर वरचा फरक हे तुमचं, म्हणजे घेणाऱ्याचं, उत्पन्न धरलं जातं. सूट अशी की रेकनरचं मूल्य तुमच्या किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर काही नाही. ३६ लाखाचे दहा टक्के जास्त म्हणजे ३९ लाख ६० हजार. घसारा धरून तुमचं मूल्य ३८,९३,०९५ येतं, म्हणजे तुम्ही आत आहात, सुटलात. पण एजंटच्या हिशोबाने दस्त झाला आणि पत्रकावर ४१,७४,०४० छापलं गेलं तर तुम्ही रेषेच्या बाहेर गेलात, आणि एकदा बाहेर गेलं की नुसता रेषेवरचा भाग नाही धरत, ३६ लाखापासूनचा सगळा फरक धरतात, ५,७४,०४० रुपये. तुम्ही वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर त्याचा टॅक्स १ लाख १४ हजाराच्या पुढं जातो. विकणाऱ्याला पण त्याच्या भांडवली नफ्यात वाढीव किंमत धरावी लागते, त्याचंही नुकसान. एका पानावर मिळकतीचं वय चुकीचं निवडलं म्हणून दोन घरांना टॅक्सची नोटीस येऊ शकते, म्हणून मी घसाऱ्यावर एवढा वेळ घालवला.

३० लाख दाखवून ६ लाख कॅशचं काय? बघा, असं सुचवणाऱ्याचा दावा असतो की स्टॅम्प वाचेल. तुमच्या केसमध्ये एक रुपया पण वाचत नाही, कारण ड्युटी आधीच रेकनरवर, ३८ लाख ९३ हजारावर लागतेय, तुम्ही करारात ३० लिहा नाहीतर ३६, ड्युटी तीच. वर ३० लिहिलं की ती दहा टक्क्यांची रेषा ३३ लाखावर येते आणि तुम्ही तिच्या बऱ्याच बाहेर, म्हणजे जवळपास ९ लाखाचा फरक तुमचं उत्पन्न म्हणून धरला जाणार. बँक करारातल्या किमतीच्या टक्क्यावर लोन देते, ३० लाखावर २७ लाख मंजूर होणं अवघड. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याच्या वर रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्या मालकाला तेवढाच दंड आहे. आणि उद्या सौदा फिसकटला तर ६ लाख दिल्याचा कागद कुठाय? या व्यवस्थेत फायदा फक्त मालकाचा आहे, त्याचा नफा कमी दिसतो, आणि बिल तुमच्या नावावर फाटतं. नाही म्हणा.

घसारा धरूनसुद्धा कुणाचं रेकनर सौद्यापेक्षा फारच वर निघत असेल, पुराच्या पट्ट्यात असं होतं, तर एक कायदेशीर वाट आहे, अभिनिर्णय. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं, म्हणजे सह जिल्हा निबंधकांच्या ऑफिसात दस्ताचा मसुदा आणि पुरावे घेऊन अर्ज करायचा आणि या दस्ताला किती ड्युटी लागेल ते ठरवून मागायचं. पुराचे फोटो, पंचनामा असेल तर तो, आजूबाजूचे इंडेक्स टू, असं जोडता येतं. वेळ लागतो आणि कमी करूनच देतील अशी खात्री नसते. तुमच्या केसला मी हे करायला सांगणार नाही, तुमचा फरक दहा टक्क्यांच्या आत आहे, त्या वेळात मालकाने दुसरं गिऱ्हाईक धरलं तर काय करणार.

आता पैसे कधी आणि कसे भरायचे. तुमचं लोन आहे म्हणजे बहुतेक आधी साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवावं लागेल, बँक नोंदवलेलं साठेखत बघूनच पुढं जाते, आणि बँकेचा चेक मालकाला मिळाल्यावर खरेदीखत होईल. नवीन लोकांना इथं धसका बसतो की दोनदा ड्युटी का काय. नाही, फ्लॅटच्या साठेखतालाच पूर्ण ६ टक्के भरतात आणि नंतर त्याच व्यवहाराच्या खरेदीखताला नाममात्र स्टॅम्प लागतो, फक्त खरेदीखतात आधीच्या साठेखताचा दस्त क्रमांक, तारीख आणि भरलेली ड्युटी स्वच्छ लिहिलेली पाहिजे. दोन्ही दस्तात खरेदीदार तेच पाहिजेत. साठेखत तुमच्या नावाने आणि खरेदीखताच्या वेळी वहिनींचं नाव घुसवलं की तो वेगळा व्यवहार होतो आणि ड्युटीचा प्रश्न नव्याने उभा राहतो, म्हणून नावं कुणाची हे साठेखताच्या आधी ठरवा. आणि विसार पावती, जी तुम्ही नोटरी करून घेतलीय म्हणालात, ती साठेखत नव्हे, पाच पन्नास हजाराच्या टोकनपलीकडं तिच्या जोरावर पैसे देऊ नका.

पैसे ऑनलाइन भरता येतात, GRAS च्या पोर्टलवरून, gras.mahakosh.gov.in. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी एकाच चलनात भरता येते, वकील किंवा दस्तलेखक भरून देतात पण पैसे तुमच्या खात्यातून जाऊ देत आणि चलनावर भरणाऱ्याचं नाव तुमचं म्हणजे खरेदीदाराचं येऊ दे, एजंटचं नको. दुसऱ्याच्या नावाचं चलन निघालं आणि व्यवहार मोडला तर परतावा कुणी मागायचा यावर भांडणं होतात. चलनावर जीआरएन नंबर असतो, तो जपा. रजिस्ट्रार ऑफिसात हे चलन डिफेस करतात, म्हणजे वापरलं गेलं अशी नोंद होते, डिफेस झाल्याशिवाय दस्त पुढं सरकत नाही.

क्रम असा ठेवा, आधी ड्युटी भरायची, मग सह्या करायच्या. उलटं झालं, म्हणजे करारावर सह्या होऊन पडल्या आणि ड्युटी नंतर भरली, तर कमी पडलेल्या ड्युटीवर दर महिना २ टक्के दंड लागू शकतो. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा, त्यानंतर पुढचे चार महिने दंड भरून जमतं आणि त्याच्या पुढं अवघड. याचा एक चांगला उपयोग पण आहे, मार्च अखेरीला ऑफिसात जत्रा असते आणि १ एप्रिलला नवीन दर येतील अशी सगळ्यांना धास्ती असते, अशा वेळी मार्चमध्येच ड्युटी भरून सह्या करून ठेवल्या तर नोंदणी एप्रिलमध्ये शांतपणे करता येते, दर सही केलेल्या तारखेचा धरतात. रात्री बारापर्यंत रांगेत उभं राहायची गरज नसते, पण ऐकतं कोण.

सौदा सह्यांच्या आधीच मोडला आणि चलन वापरलंच नाही, तर सहा महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयात परताव्याचा अर्ज करा, थोडी कपात होऊन पैसे येतात, सहा महिने उलटले की विसरा.

नोंदणीच्या दिवशी फार काही नाही. डेटा एन्ट्री आधीच ऑनलाइन केलेली असते, तिचा नंबर, डिफेस व्हायचं चलन, मूळ दस्त, दोघांचं पॅन आणि आधार, दोन ओळखदार त्यांच्या ओळखपत्रासह. फोटो, अंगठा, सह्या. खिडकीवर स्क्रीन तुमच्याकडं फिरवून नाव, क्षेत्र, फ्लॅट नंबर वाचून घ्या, मागचा माणूस कितीही घाई करू दे. नावातलं एक अक्षर चुकलं तर नंतर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो, आणि त्याला विकणाऱ्याला परत हजर राहावं लागतं, तोपर्यंत तो पैसे घेऊन पोराकडं पुण्याला राहायला गेलेला असतो.

जाता जाता मालकाचे जुने दस्त बघा. बिल्डरकडून त्याने घेतलेल्या करारावर ड्युटी पूर्ण भरलीय का, इंडेक्स टू आहे का. मधे कुठं हस्तांतर साध्या स्टॅम्पपेपरवर किंवा मुखत्यारपत्रावर झालेलं असेल तर ती जुनी बाकी तुमच्या लोनच्या वेळी बँकेचा वकील उकरून काढतो, आणि मग मालक म्हणतो तुम्हीच भरा. विसार द्यायच्या आधी हे बघितलं असतं तर बरं, अजून साठेखत व्हायचंय तर आत्ता बघा आणि बाकी निघाली तर मालकाने भरायची असं साठेखतात लिहून घ्या.

तुमच्या बजेटमध्ये अजून एक रक्कम धरा. बँक तुमचे मूळ कागद गहाण ठेवून घेते त्याच्यावर वेगळी स्टॅम्प ड्युटी असते, लोनच्या ०.३ टक्क्याच्या आसपास, २७ लाखाला साधारण ८,१००. आणि कागद गहाण ठेवल्याची सूचना, नोटीस ऑफ इंटिमेशन, ती तीस दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडं दाखल करावी लागते, त्याची फी वेगळी. बँकवाले हे प्रोसेसिंग फीमध्ये आलं असं मोघम सांगतात, बहुतेक वेळा आलेलं नसतं, वेगळं विचारा. रिसेलला जीएसटी नाही, त्यामुळं कुणी जीएसटीच्या नावाने काही मागितलं तर पावती मागा.

आत्ता लगेच करायचं म्हणजे मालकाकडून घरपट्टीचा जुना उतारा आणि मिळाला तर पूर्णत्वाचा दाखला घ्या, इंडेक्स टू वरचं क्षेत्र कार्पेट आहे का बिल्टअप ते बघा, आणि एजंटला सांगा की घसारा धरून मूल्यांकन पत्रक काढून आण, ते बघितल्याशिवाय चलन भरणार नाही. वय ९ वर्षांप्रमाणे धरलेलं पत्रक हातात आलं आणि आकडा ३९ लाख ६० हजाराच्या आत असला की भरून टाका.